दारू घ्यायची… नाही: छाटणीच्या व्हिडिओची सबटायटल्स दुरुस्त करताना

३ ऑक्टोबर

मामांची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आहे. छाटणीचा हंगाम सुरू झाला तसं त्यांनी बागेतच उभं राहून दोन-सव्वादोन मिनिटांचा उभा व्हिडिओ केला: छाटणीआधी काय बघायचं, कधी थांबायचं, पेस्ट लावताना काय काळजी घ्यायची. त्यांच्या गटातली माणसं व्हिडिओ बघतात ती बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगेत, नाहीतर रात्री घरात सगळे झोपल्यावर. आवाज बहुतेक बंदच. म्हणून सबटायटल्स हवीत, आणि ते काम माझ्याकडे आलं.

संगणकावर आपोआप सबटायटल काढणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यातून पहिला मसुदा चहा होईस्तोवर तयार झाला. उघडून बघते तर अर्ध्या ओळींत 'है' आणि 'और'. भाषा ओळखण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडलं होतं. मामा सुरुवातीला "नमस्कार मंडळी" म्हणून थोडं थांबतात, तेवढ्यावरून त्याने हिंदी धरली आणि पुढचं मराठी हिंदीच्या साच्यात बसवत गेलं. असा मसुदा दुरुस्त करत बसू नका. भाषेच्या खान्यात मराठी निवडायची आणि पुन्हा काढायचा. दुसऱ्या खेपेला बरा आला.

त्या फाइलची एक प्रत chhatani_raw.srt नावाने बाजूला ठेवली. तिला हात लावायचा नाही. पुढे दोनदा तीच कामाला आली.

४ ऑक्टोबर

आवाज बंद ठेवून फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. वाटलं, फार काही नाही, तासाभराचं काम. शब्द बहुतेक शुद्ध, वाक्यंही मराठी. मग इयरफोन लावले.

मामा म्हणतात, "वेलीला ताण बसला पाहिजे." फाइलमध्ये "वेळेला ताण बसला पाहिजे." मामा म्हणतात, "आधी पानगळ करून घ्या." फाइलमध्ये "आधी पाणी गळ करून घ्या." काडीची कुठे गाडी झाली, कुठे काळी. घडाचा गड झाला. 'भुरी' हा बागेतला रोग, त्याचं 'बुरी' झालं. आणि एका ठिकाणी "गाडीच्या डोळ्याला पेस्ट लावायची" असं वाक्य होतं. (बागेबाहेरच्या माणसाला 'काडीच्या डोळ्याला पेस्ट' हेसुद्धा विचित्रच वाटणार, पण ते बरोबर आहे. काडीवर जिथून फूट निघते तो डोळा.)

या चुकांची खोड अशी की भुरी-बुरीसकट प्रत्येक चुकीचा शब्द स्वतःपुरता बरोबर आहे. शब्दलेखन तपासणी चालवली तर तिने यातलं एकही धरलं नाही, उलट 'पिंपळगाव'खाली लाल रेघ ओढली. सॉफ्टवेअर आवाजाच्या जवळचा आणि जास्त वापरातला शब्द निवडतं, आणि 'वेळ' हा शब्द लोक 'वेल'पेक्षा कितीतरी जास्त वापरतात. बागेत मात्र उलटं असतं. ल आणि ळ, न आणि ण, क आणि ग, घ आणि ग, भ आणि ब: मोबाइल दोन हात लांब धरला होता, वारा होता, त्यात हे फरक पुसले जातात.

पद्धत बदलली. आधी वाचून मग ऐकलं की कान डोळ्यांचंच ऐकतो. 'वेळेला' वाचलेलं असलं की मामा 'वेळेला'च म्हणतायत असं खरंच ऐकू येतं. म्हणून मजकुराची खिडकी झाकायची, तुकडा पाऊणपट वेगाने ऐकायचा, ऐकलेलं तोंडाने म्हणायचं आणि मगच मजकूर बघायचा. कंटाळवाणं आहे, पूर्ण संध्याकाळ गेली. पण वेल-वेळच्या सगळ्या जागा अशाच सापडल्या, आधीच्या वाचनात त्यातली एकच खटकली होती.

५ ऑक्टोबर

दोन जागा ऐकूनही सुटेनात. एकीकडे शेजारच्या बागेत ब्लोअर चालू होता, दुसरीकडे आकडा होता. मामांना फोन लावला.

"मामा, मधे ब्लोअरचा आवाज आलाय तिथं तुम्ही काय म्हणालात? इथं 'काळी तपकिरी झाली का बघा' असं आलंय."

"अगं, काडी! काडी तपकिरी झाली का बघा, हिरवी असंल तर थांबा. काळी झाल्यावर काय बघायचं राहतंय?"

"आणि एकरी वेली किती म्हणालात? नऊशे अठ्ठ्याहत्तर?"

"नऊ बाय पाचची लागण हाय. तूच कर गणित."

केलं. नऊ फुटांवर ओळी, ओळीत पाच फुटांवर वेल, म्हणजे एका वेलीला ४५ चौरस फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. भागाकार बरोबर ९६८. मामा 'अडुसष्ट' म्हणाले होते, सॉफ्टवेअरने 978 लिहिलं होतं. ते कळल्यावर पुन्हा ऐकलं तर 'अडुसष्ट' स्वच्छ ऐकू येतं.

'नऊ बाय पाच'चं तर "नवं बाई पाच" झालं होतं. ते हसून सोडून देता येतं, कारण कुणालाही कळेल की चुकलंय. 978 मात्र कुणालाही संशय न येता गेलं असतं आणि कुणीतरी तेवढी रोपं मोजून मागवली असती. मराठीत एकोणीस ते नव्व्याण्णवमधले आकडे एकमेकांच्या आवाजाला फार जवळचे आहेत: सदतीस-सदुसष्ट, एकोणीस-एकोणतीस. त्यात पाऊणशे, अडीच, पावणेदोन. 'पाऊणशे'चं माझ्याकडे 'पाऊस' झालं होतं, आणि व्हिडिओ पावसाबद्दलही असल्याने ते वाक्यात बेमालूम बसलं होतं. म्हणून व्हिडिओतल्या सगळ्या आकड्यांची वेगळी चिठ्ठी केली आणि मामांना फोनवरच एकेक वाचून दाखवला. गणिताने पडताळता येतो तो गणिताने, बाकी बोलणाऱ्याकडून.

दुसरी भानगड बोलीची. मामा म्हणतात, "पाऊस पडू राहिला ना, तर थांबायचं." आमच्याकडे असंच बोलतात: येऊ राहिला, करू राहिला. सॉफ्टवेअरने 'पडून राहिला' लिहिलं. त्याने मामा एका झटक्यात विदर्भात जाऊन पोचतात, आणि ज्याला तो प्रयोग माहीत नाही त्याला वाटेल की पाऊस कुठेतरी पडून राहिलाय. 'पाऊस पडत असेल तर' असं पुस्तकी करायचा मोह झाला. नाही केलं. ओठ एक बोलतायत आणि खाली दुसरंच लिहिलंय, हे आवाज चालू ठेवून बघणाऱ्याला टोचतं. 'पडू राहिला'च ठेवलं. 'झालं, केलं, दिलं' हेही बोलल्यासारखंच, अनुस्वारासकट. मसुद्यात तिन्ही तऱ्हा होत्या: झाले, झालं आणि नुसतं 'झाल'. 'पाणी दिल' असं तर दोनदा होतं.

शब्द तोडण्याची सवयही आहे सॉफ्टवेअरला. 'छाटणी नंतर', 'वेली वर', 'बागे मध्ये'. हे जोडून घेतले. फार वेळ नाही लागला.

६ ऑक्टोबर

आज वेळ वाया गेला, तो कसा ते लिहिते.

मसुद्यात 'शेतकर्यांनी', 'दुसर्या', 'वार्यामुळे' असे शब्द भरलेले. आपल्याला 'शेतकऱ्यांनी' हवं, र अर्धा होऊन आडवा झालेला. हाताने कशाला, म्हणून 'र्य'च्या जागी 'ऱ्य' असं एकदम सगळीकडे बदललं. शेतकरी सुधारले आणि 'सूर्यप्रकाश'चा 'सूऱ्यप्रकाश' झाला, 'पर्याय'चा 'पऱ्याय', 'आश्चर्य'चंही तेच. 'र्या' एवढंच बदलावं म्हटलं तरी मर्यादा, पर्याय, कार्यालय मधे येतातच. raw फाइलपर्यंत मागे जावं लागलं नाही, कालची प्रत होती. पण आता एकदम बदल बंद. शोध 'र्य'चा घ्यायचा आणि प्रत्येक जागी थांबून हो किंवा नाही म्हणायचं. दोन मिनिटांच्या व्हिडिओत असल्या जागा असून असून किती असणार?

त्यातही एक खुबी. हा आडवा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात 'ऱ' हे वेगळंच अक्षर असतं, खाली नुक्ता असलेलं, आणि त्याला हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. माझा कीबोर्ड पहिल्या प्रकारचा, आणि मामांच्या मुलाने मोबाइलवरून दुरुस्त करून पाठवलेल्या चार ओळी दुसऱ्या. 'शेतकऱ्यांनी' शोधलं तर त्या ओळी आल्याच नाहीत. शेवटी सगळे पहिल्या प्रकारात आणले.

आकड्यांचंही असंच. मसुद्यात 9 आणि ९ यांची सरमिसळ होती. सगळे देवनागरी करू म्हणून 0 ते 9 सरसकट बदलले आणि फाइल उघडेनाच. वेळेच्या ओळीही बदलल्या होत्या ना! srt फाइलमध्ये वेळ आणि तुकड्याचा क्रमांक इंग्रजी आकड्यांतच लागतात, सेकंदांनंतर स्वल्पविराम लागतो, आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. देवनागरी आकडे फक्त मजकुराच्या ओळींत, हाताने. आणि फाइल जतन करताना UTF-8 निवडायचं, नाहीतर दुसऱ्या संगणकावर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसते.

७ ऑक्टोबर

शब्द झाले म्हणून व्हिडिओवर चढवून बघितलं, आणि पहिल्यांदाच घाबरले.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीला आणि डोळ्यांना घातक आहेच, पण त्याच्या आगेमागे दारू पोटात गेली तर माणूस वाईट आजारी पडतो. शरीर दारू पचवताना जे विषारी द्रव्य तयार होतं ते पुढे मोडण्याचं काम सायनामाइड अडवतं. म्हणून मामा व्हिडिओत ते मुद्दाम सांगतात. सबटायटल असं होतं:

```
17
00:00:58,240 --> 00:01:01,100
पेस्ट लावायच्या दिवशी दारू घ्यायची

18
00:01:01,100 --> 00:01:04,900
नाही आधी हातमोजे घाला मग च डब्याला हात लावा
```

एकही शब्द चुकलेला नाही ('मग च' सोडून). पण आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला जवळजवळ तीन सेकंद "पेस्ट लावायच्या दिवशी दारू घ्यायची" असा सल्ला दिसतो. पुढच्या तुकड्यातलं 'नाही' तर विरामचिन्ह नसल्यामुळे हातमोज्यांच्या वाक्याला चिकटून 'नाही, आधी हातमोजे घाला' असं वाचलं जातं.

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि सॉफ्टवेअर तुकडा पाडतं ते लांबी भरली की किंवा बोलणाऱ्याने श्वास घेतला की. मामा ठासून सांगताना 'नाही'च्या आधीच थांबतात. म्हणजे जी वाक्यं सर्वांत महत्त्वाची तीच नेमकी तिथे तुटतात. फाइलमध्ये 'नाही', 'नको' आणि 'नका' शोधले. तुकड्याच्या सुरुवातीला आलेले सगळे संशयित. "पाऊस पडू राहिला तर छाटणी करायची / नाही" हाही त्यातच निघाला.

दुरुस्ती अशी केली:

```
17
00:00:58,240 --> 00:01:01,620
पेस्ट लावायच्या दिवशी
दारू घ्यायची नाही.

18
00:01:01,620 --> 00:01:04,900
आधी हातमोजे घाला,
मगच डब्याला हात लावा.
```

पहिल्या तुकड्याचा शेवट अर्ध्या सेकंदाने पुढे नेला, म्हणजे मामांचं 'नाही' संपतं तिथपर्यंत. दुसऱ्याची सुरुवात तिथूनच. नुसता शब्द वर ढकलला आणि वेळ तशीच ठेवली तर 'नाही' ऐकू येण्याआधीच ओळ निघून जाते. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मसुद्यात जवळजवळ नव्हतेच, ते सगळीकडे घातले. हे काम मी शेवटी ठेवलं होतं, सजावट समजून. पुढच्या वेळी शब्दांच्याही आधी हेच करणार.

८ ऑक्टोबर

सबटायटल संपादनाचं सॉफ्टवेअर निम्म्या तुकड्यांवर लाल खूण दाखवतं, 'वाचायला फार वेगवान'. सुरुवातीला खूण दिसली की मजकूर छाटत होते. मग लक्षात आलं, हे मोजतंय काय? 'द्राक्षाच्या' हा शब्द आपण तीन अक्षरांचा धरतो: द्रा, क्षा, च्या. संगणक प्रत्येक व्यंजन, हलंत आणि काना वेगळा मोजतो, त्याच्या हिशेबी बारा होतात. मर्यादा इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली असली की मराठी ओळ कायमच लाल.

खुणा बंद केल्या. त्याऐवजी मामींना बसवलं आणि आवाज बंद करून व्हिडिओ दाखवला. त्यांनी मोठ्याने वाचत जायचं. जिथे त्यांचं वाचन पुरं व्हायच्या आत ओळ गेली तिथे खूण. लाल खुणा निम्म्या तुकड्यांवर होत्या, मामी अडल्या ते फक्त चार-पाच ठिकाणी. तिथे मामांचे 'म्हणजे', 'काय होतं' असे भरीचे शब्द गाळले. एका ठिकाणी ओळ थोडी जास्त वेळ ठेवली, कारण पुढे मामा गप्प राहून काडी दाखवतात.

त्या गप्प जागेतच आणखी एक सापडलं. मामा बोलत नाहीत, नुसता कात्रीचा आवाज आहे, आणि सबटायटल मात्र आधीचंच वाक्य दोनदा पुन्हा दाखवतंय. शांतता किंवा नुसतं संगीत असलं की ही सॉफ्टवेअरं अशी वाक्यं स्वतःच घालतात. दोन्ही तुकडे काढून टाकले.

९ ऑक्टोबर

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओबरोबर सबटायटलची वेगळी फाइल जात नाही, म्हणून मजकूर चित्रातच छापून टाकावा लागतो. मोबाइलवरच्या एका फुकटच्या ॲपने जोडाक्षरं फोडली, 'हिरवी'ची पहिली वेलांटीही भलतीकडे गेली. संगणकावर ffmpeg ने व्यवस्थित आलं:

```
ffmpeg -i chhatani.mp4 -vf "subtitles=chhatani.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari,FontSize=9,MarginV=70'" -c:a copy chhatani_final.mp4
```

FontSize आधी 16 ठेवला होता, तर एका ओळीत दोन शब्द मावेनात. हा आकडा पिक्सेलचा नाही. srt घेताना ffmpeg पडद्याची उंची २८८ धरतं आणि त्या मापात अक्षर मोजतं. उभ्या व्हिडिओची उंची १९२० असल्यामुळे 16 चं अक्षर शंभर पिक्सेलच्या वर जातं. 9 म्हणजे साठ पिक्सेल, ते जमलं. MarginV आधी 20 होतं. छोट्या व्हिडिओच्या ॲपमध्ये नाव आणि बटणं खालच्या पट्टीत येतात, त्याखाली दुसरी ओळ झाकली जायची. 70 वर मजकूर त्यांच्या वर आला.

तयार फाइल मामांना पाठवली. संध्याकाळी फोन.

"सगळं बराबर हाय. शेवटाला 'फळफूट' काय लिहिलंय?"

शेवटी मामा म्हणतात, पुढच्या व्हिडिओत फेलफूट कशी काढायची ते सांगतो. मसुद्यात 'फेल फूट' आलं होतं. मला ते इंग्रजी 'फेल' वाटलं, म्हणून मी सुधारून 'फळफूट' केलं. फेलफूट म्हणजे छाटणीनंतर येणारी बिनकामाची फूट, जी काढून टाकायची असते. सॉफ्टवेअरने एक शब्द तोडून का होईना बरोबर ऐकला होता.

१० ऑक्टोबर

'फेलफूट' करून पुन्हा छापलं, सकाळीच गटात टाकलं. वेल, काडी, डोळा, घड, पानगळ, भुरी, ओलांडा, फेलफूट यांची यादी केली. मसुदा काढण्याआधी ओळखीचे शब्द देण्याचा एक खाना त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथे ती देऊन जुन्याच व्हिडिओचा मसुदा परत काढून बघितला. काडी आणि पानगळ आता बरोबर येतात. वेलीची वेळ अजूनही दोन ठिकाणी होतेच, आणि 'नाही' तिथेच तुटतं.